नऊ टक्के फ्लॅट की बारा टक्के रिड्यूसिंग? गाडीच्या कर्जाआधी काही प्रश्न

शोरूममध्ये टेबलामागे बसलेला फायनान्सवाला ‘नऊ टक्के’ म्हणतो, बँकेतला अधिकारी ‘बारा टक्के’ म्हणतो, आणि पहिल्यांदाच कर्ज काढणारा माणूस साहजिकच नऊकडे वळतो. मी दोन्ही प्रकारची कर्जं फेडली आहेत. मोटारसायकलचं फ्लॅट दराचं होतं, नंतरच्या स्कूटरचं घटत्या शिल्लकीवरचं, म्हणजे रिड्यूसिंगचं. त्यामुळे नवीन लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं त्याच क्रमाने देतो. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळीकडे १ लाख रुपये कर्ज आणि ३६ हप्ते धरले आहेत.

नऊ हे बारापेक्षा कमीच ना? आकडा कमी आहे, पण तो कशावर लावलाय ते बघायला हवं. फ्लॅटमध्ये तिन्ही वर्षं पूर्ण १ लाखावर व्याज धरतात. वर्षाचे ९,०००, तीन वर्षांचे २७,०००. एकूण १,२७,००० भागिले ३६, म्हणजे हप्ता साधारण ३,५२८ रुपये. बारा टक्के रिड्यूसिंगमध्ये दर महिन्याला जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच व्याज लागतं. तिथे हप्ता येतो ३,३२१ रुपये आणि तीन वर्षांचं व्याज १९,५७२ रुपये. म्हणजे ‘बारा टक्के’वालं कर्ज ‘नऊ टक्के’वाल्यापेक्षा सुमारे ७,४०० रुपयांनी स्वस्त पडतं.

असं कसं? कारण १ लाख तुमच्याकडे तीन वर्षं राहतच नाहीत. पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दल परत करू लागता, शेवटच्या वर्षी तर हातात थोडेच उरलेले असतात. सरासरी काढली तर तुम्ही निम्म्याच्या आसपास रक्कम वापरता आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर भरता. म्हणून एक ते तीन वर्षांच्या कर्जात फ्लॅट दराला १.८ने गुणलं की खरा दर जवळपास मिळतो. नऊचे होतात सव्वासोळा. पाच वर्षांच्या कर्जात हा गुणक थोडा कमी, १.७५च्या आसपास येतो. अचूक आकडा हवा असेल तर स्प्रेडशीटमध्ये एवढंच लिहा:

```
=RATE(36,-3528,100000)*12
```

उत्तर ०.१६२च्या आसपास येईल. आता समजा फाइल चार्ज म्हणून २,५०० रुपये आधीच कापून घेतले. मग हातात आले ९७,५००च. सूत्रात १००००० ऐवजी ९७५०० टाका, दर अठराच्या जरा वर जातो. हप्ता तोच, कर्जाचा कागदही तोच, पण खर्च जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढलेला.

इथपर्यंतचं गणित कुणीही समजावून सांगेल. माझा कौल ज्या गोष्टीने ठरला ती वेगळी आहे: कर्ज मुदतीआधी फेडायला गेल्यावर काय होतं, ती.

मोटारसायकलचे निम्मे हप्ते झाले होते, हातात थोडे पैसे आले, म्हटलं बोजा उतरवून टाकू. फ्लॅटचा हिशेब डोक्यात असल्यामुळे निम्मे हप्ते झाले म्हणजे निम्मं मुद्दल फिटलं, असं कुणालाही वाटेल. १ लाखाच्या उदाहरणात प्रत्येक हप्त्यात २,७७८ मुद्दल आणि ७५० व्याज, म्हणजे १८ हप्त्यांनंतर ५०,००० बाकी. पण फोरक्लोजरचं पत्र तसं येत नाही. व्याज आकारताना फ्लॅट असलेलं कर्ज, बंद करताना बहुतेक कंपन्या त्याच्या आतल्या खऱ्या दराने, म्हणजे सव्वासोळाने मोजतात. त्या हिशेबाने पहिल्याच हप्त्यात व्याज १,३५४ असतं आणि १८ हप्त्यांनंतर बाकी निघते सुमारे ५६,०००. वर मुदतपूर्व फेडीचा आकार. तो ४ टक्के धरला तर जीएसटीसह आणखी २,६००च्या पुढे. मला खटकलं ते हेच. शोरूममध्ये ज्या दराचा उच्चारही झाला नव्हता, त्याच दराने आता माझी बाकी काढली होती. काही ठिकाणी तर उरलेले सगळे हप्तेच मागतात. मग लवकर फेडण्यात काही अर्थच उरत नाही.

रिड्यूसिंगमध्ये सुरुवातीला व्याज जास्त जात नाही का? जातं. बारा टक्क्यांच्या कर्जातही १८ हप्त्यांनंतर बाकी ५४,४६६ असते, ५०,००० नाही. फरक इतकाच की ज्या दराने सही केली त्याच दराने बाकी निघते, आणि परतफेडीच्या तक्त्यात ती पहिल्या दिवसापासून छापलेली असते. शिवाय मधेच रक्कम भरली तर तिचा फायदा लगेच मिळतो. एक वर्षानंतर २०,००० मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेले २४ हप्ते १७वर येतात आणि सुमारे ४,६०० रुपये व्याज वाचतं. अर्थात अशी भर घेतात का आणि त्यावर आकार किती, हे कर्ज घेण्याआधी विचारून घ्या. वाहनकर्ज बहुतेक स्थिर दराचं असतं, त्यामुळे वैयक्तिक बदलत्या दराच्या कर्जांवर असलेली मुदतपूर्व फेडीच्या शुल्काची माफी त्याला आपोआप मिळत नाही.

खरा दर कुठे लिहिलेला सापडेल? १ ऑक्टोबर २०२४पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ कर्जांसोबत केएफएस नावाचं विवरण द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर हा आकडा शोधा. व्याज, फाइल चार्ज, कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा, सगळं धरून वर्षाचा खर्च त्यात येतो, आणि सोबत हप्त्यांचा तक्ताही असतो. दोन ठिकाणच्या ऑफर समोरासमोर ठेवायच्या तर एपीआरच ठेवा, फ्लॅट आणि रिड्यूसिंगचे दर नकोत. गावातली पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिथे हा कागद मिळेलच असं नाही, हप्ता आणि हातात पडणारी रक्कम विचारून वरच्या सूत्राने दर स्वतःच काढावा लागतो.

मग फ्लॅट घ्यायचंच नाही का? तसं मी म्हणणार नाही. पगाराची स्लिप नसलेल्या, रोजच्या धंद्यावर चालणाऱ्या माणसाला बँक आठवडाभर कागद मागत बसते आणि शोरूममधला फायनान्सवाला संध्याकाळपर्यंत गाडी हातात देतो. या सोयीची किंमत ज्याची त्याने ठरवावी. फ्लॅट दर साडेसहाच्या खाली मिळत असेल आणि वेगळा फाइल चार्ज नसेल, तर ते कर्ज बारा टक्के रिड्यूसिंगपेक्षा थोडं स्वस्तच असतं. पूर्ण मुदत हप्ते भरायची खात्री असेल तर घ्यायला हरकत नाही. पण मधे पैसे आले की कर्ज मिटवून आरसीवरचा बोजा काढायचा, असा ज्याचा स्वभाव आहे, त्याने माझ्या मते बँकेत आठवडाभर थांबावं. आणि फ्लॅटच घ्यायचं ठरलं, तर सही करण्याआधी एकच गोष्ट लेखी मागा: १८व्या हप्त्यानंतर कर्ज बंद केलं तर नेमके किती रुपये भरावे लागतील. हा आकडा द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी कर्ज घेत नाही.