सासरचं नाव कुठे नोंदवायचं: एकाच रकान्यात की पर्यायी नाव म्हणून?

समजा, माहेरची द्वारका जोशी लग्नानंतर लक्ष्मीबाई कुलकर्णी झाली. वंशावळ नोंदवण्याच्या ग्रॅम्प्स या प्रोग्राममध्ये ही दोन नावं एकाच रकान्यात ‘द्वारका उर्फ लक्ष्मी’ अशी लिहावीत, की पर्यायी नाव जोडावं, असा प्रश्न एका नातेवाईकाने विचारला.

मेहनत पहिल्या पद्धतीत कमी. टाइप केलं की झालं. पण आडनाव एकच राहतं, त्यामुळे सासरच्या कागदावरून ‘कुलकर्णी’ शोधणाऱ्याला ती सापडत नाही. मग तो नवी व्यक्ती उघडतो आणि एका बाईच्या दोन होतात.

दुसऱ्या पद्धतीत व्यक्तीच्या खिडकीतल्या Names टॅबवर दुसरं नाव जोडायचं आणि प्रकार Married Name निवडायचा. प्रत्येक नावाला स्वतःची तारीख आणि पुरावा जोडता येतो, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. शोधताना नावाची गाळणी पर्यायी नावंही तपासते. यादीत मात्र मुख्य नावच दिसतं. वंशावळ दुसऱ्या प्रोग्रामला देण्यासाठी निर्यात केलेल्या गेडकॉम फाइलमध्येही दोन्ही वेगळी राहतात:

```
1 NAME द्वारका /जोशी/
1 NAME लक्ष्मीबाई /कुलकर्णी/
2 TYPE married
```

आधीच दोन नोंदी झाल्या असतील तर नवरा, मुलं आणि तारखा जुळवून मगच त्या एकत्र करा. दुसरीचं नाव पर्यायी म्हणून टिकतं.

‘दत्तू’सारखं घरगुती नाव फक्त छापील तक्त्यात दाखवायचं असेल, तर एकच रकाना चालेल. आडनाव बदललं असेल किंवा दत्तकविधान झालं असेल, तर पर्यायी नावच घ्या.