तिशीतले मुरूम आणि पहिल्या रेघा: अ‍ॅडॅपलीन घ्यावं की अझेलिक?

तिशी ओलांडल्यावर हनुवटीवर मुरूम आणि डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा एकदमच दिसू लागल्या की बहुतेक जणी दोन वेगळे इलाज सुरू करतात. मुरमांसाठी सॅलिसिलिक फेसवॉश आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड, रेघांसाठी रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सी. माझी मावसबहीण ३४ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्याकडे अशा सात बाटल्या जमल्या होत्या. साधं मॉइश्चरायझर लावलं तरी तिचे गाल चरचरायचे. त्वचा ताणलेली आणि चकचकीत दिसायची, कपाळभर बारीक पुरळ उठलं होतं. मुरूम वाढले असं समजून ती आणखी एक सीरम आणायची. प्रत्यक्षात त्वचेचं वरचं संरक्षक आवरणच दुखावलं होतं, आणि अशा कोरड्या पडलेल्या त्वचेवर रेघाही जास्त ठळक दिसतात.

तिच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तीन आठवडे सगळं बंद केलं. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, एवढंच ठेवलं. चरचर थांबल्यावर प्रश्न उरला एकाच औषधाचा, आणि निवड होती दोघांत.

अ‍ॅडॅपलीन ०.१ टक्के जेल हे व्हिटॅमिन ए च्या कुळातलं. रोमछिद्रं तुंबण्याची सुरुवातच ते रोखतं, म्हणून नवे मुरूम कमी येतात. त्याच कुळातलं असल्यामुळे काही महिन्यांनी रेघांवरही थोडा परिणाम दिसतो. रेघांसाठी सगळ्यात भक्कम पुरावा मात्र याच कुळातल्या ट्रेटिनॉइनचा आहे, आणि ते त्वचेला जास्त झोंबतं. मुरूम आणि रेघा दोन्हींसाठी एकच औषध हवं असेल आणि त्वचा नाजूक असेल, तर मी अ‍ॅडॅपलीनच्या बाजूने झुकेन.

अझेलिक अ‍ॅसिड १५ किंवा २० टक्के याची ताकद वेगळीकडे आहे. मुरूम, लाली आणि मुरूम गेल्यावर राहणारा काळपट डाग, या तिन्हींवर ते काम करतं. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णावर हे डागच महिनोन् महिने छळतात, म्हणून ही बाजू हलकी समजू नये. रेघांसाठी मात्र त्याच्याकडून फारशी अपेक्षा नको. लावल्यावर सुरुवातीला काही मिनिटं खाज किंवा टोचल्यासारखं होतं, ते बहुधा पुढे कमी होतं.

निवड बदलून टाकणारी एक गोष्ट आहे. मूल होऊ देण्याचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील, तर व्हिटॅमिन ए कुळातलं काहीच लावायचं नाही, दुकानातलं रेटिनॉल सीरमसुद्धा नाही. अझेलिक अ‍ॅसिड डॉक्टरांच्या सल्ल्याने तेव्हाही चालतं. तिशीत हा प्रश्न अनेकींचा असतो, तरी औषध लिहून घेताना तो सांगायचा राहून जातो.

बहिणीला पुढे मूल नको होतं, म्हणून तिने अ‍ॅडॅपलीन घेतलं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करायचा, आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्यावर. फक्त मुरमावर ठिपका देऊन उपयोग नसतो, कारण पुढचा मुरूम अजून दिसतही नसतो. नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे यांवर आधी व्हॅसलीन, आणि जेल पापण्यांपासून लांब. मग एक रात्र आड. रोज लावण्यापर्यंत ती पोहोचलीच नाही, आणि तिला गरजही पडली नाही.

तिसऱ्या आठवड्यात हनुवटीवर मुरूम वाढले तेव्हा ती घाबरली. नेहमीच्याच जागी आले असतील आणि आग होत नसेल तर तो सुरुवातीचा टप्पा असू शकतो, थोडं थांबायचं. नव्या जागी पुरळ, सोबत चरचर आणि सोलणं असेल तर ती जळजळ आहे, जेल लावायच्या रात्री कमी करायच्या. मुरमांचा हिशोब बारा आठवड्यांनी करावा, रेघांचा सहा महिन्यांनी.

सकाळी सनस्क्रीन दोन्ही पर्यायांत हवंच, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं. डाग जास्त असतील तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं घ्यावं. दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

जबड्यालगत खोल, दुखऱ्या गाठी पाळीच्या आधी येत असतील, पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस वाढत असतील, तर यातलं कोणतंही जेल एकटं पुरणार नाही. तिथे हार्मोन तपासावे लागतात. आणि मेडिकलवाल्याने दिलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम मुरमांवर लावत असाल, तर नळीवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का ते पाहा. ती स्टेरॉइडं आहेत. त्यांनीच मुरूम येतात आणि त्वचा पातळ होते. ती किती दिवसांत आणि कशी सोडायची, हे त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारा.