डावी बाजू हरवलेला पेशंट: नजर फिरवण्याचा सराव की प्रिझमचा चष्मा?

मेंदूच्या उजव्या बाजूला, विशेषतः पॅराएटल भागात स्ट्रोक झालेला माणूस ताटातलं उजवीकडचं जेवतो आणि डावीकडचं तसंच ठेवून उठतो. दाढी उजव्या गालाचीच करतो. व्हीलचेअर दाराच्या डाव्या चौकटीवर आपटते, तरी त्याच्या लक्षात येत नाही. डोळे तपासले तर नजर शाबूत असू शकते. याला निग्लेक्ट म्हणतात. यात हरवतं ते लक्ष, दृष्टी नव्हे. डाव्या मेंदूचं लक्ष मुख्यतः उजव्या बाजूवर असतं, तर उजवा मेंदू दोन्ही बाजू सांभाळतो, असं मानलं जातं. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा बरंचसं भरून काढतो. उजवा जखमी झाला की डावी बाजू सांभाळायला कोणी उरत नाही.

घरच्यांना थेरपिस्टकडून बहुतेक वेळा दोन पर्याय ऐकायला मिळतात: डावीकडे नजर न्यायचा सराव, म्हणजे स्कॅनिंग ट्रेनिंग, आणि प्रिझम अ‍ॅडॅप्टेशन. दोन्ही निरुपद्रवी वाटतात, पण दोन्हींना पेशंटची मर्यादित ताकद आणि वेळ लागतो. म्हणून कशाने सुरुवात करायची हे ठरवणं महत्त्वाचं आहे.

आधी एक खात्री करा

निग्लेक्ट समजून अर्धदृष्टीवर उपचार होणं, किंवा याच्या उलट होणं, ही नेहमीची गफलत आहे. अर्धदृष्टीत म्हणजे हेमिअनोपियात दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा डावा अर्धा भाग खरोखर दिसत नाही. पण अशा माणसाला आपल्याला डावीकडचं दिसत नाही हे बहुधा ठाऊक असतं आणि तो आपणहून मान वळवून कसर भरून काढतो. निग्लेक्टमध्ये माणूस मान वळवत नाही, कारण तिकडे काही राहिलंय हेच त्याला वाटत नाही.

कागदावरही फरक दिसतो. आडव्या रेघेचा मध्य दाखवायला सांगितला तर निग्लेक्टचा पेशंट खूण उजवीकडे सरकवतो. नुसती डावी अर्धदृष्टी असलेला जरा डावीकडे, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूकडे सरकवतो. दुसरी खूण अशी: डावीकडे एकटं बोट हलवलं तर पेशंटला ते दिसतं, पण दोन्हीकडे एकदम हलवलं तर फक्त उजवीकडचं सांगतो. म्हणजे डावी बाजू दिसतेय, पण उजवीकडे काही आलं की लक्ष सगळं तिकडे जातं. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून डोळ्यांची फील्ड तपासणी एकदा करून घ्याच. नुसती अर्धदृष्टी असेल तर पुढची तुलना तुमच्यासाठी नाही. तिथे स्कॅनिंगचा सराव सरळ लागू पडतो.

स्कॅनिंग: जाणीव असेल तर चालणारा मार्ग

पद्धत साधी आहे. पानाच्या डाव्या कडेला लाल जाड पट्टी चिकटवतात. पेशंटने प्रत्येक ओळ वाचायला सुरुवात करण्याआधी नजर त्या पट्टीपर्यंत न्यायची आणि पट्टी दिसल्यावरच वाचायचं. पुढे पट्टी बारीक होते आणि शेवटी काढून टाकतात. हेच जेवताना, कपडे घालताना, खोलीत चालताना करून घेतात. सुरुवातीच्या अभ्यासांत हा सराव आठवड्यातून पाच दिवस, सुमारे आठ आठवडे चालवला गेला. दोनचार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून सोडू नये, याचं कारण हेच.

याची ताकद अशी की पेशंट एक सवय शिकतो आणि ती त्याच्या रोजच्या कामात उतरवता येते. उणीवही तिथेच आहे. ही सवय वापरायची तर 'डावीकडे बघायला हवं' हे आठवायला लागतं, आणि निग्लेक्टमध्ये नेमकं तेच हरवलेलं असतं. थेरपिस्टने आठवण केली की जमतं, पाठ फिरली की विसरतं. आपल्याला काही झालंच नाही असं ठामपणे वाटणाऱ्या पेशंटमध्ये तर हा सराव रोजच्या वादाचं निमित्त होतो. मुलगी म्हणते, 'बाबा, डावीकडे बघा ना,' आणि ते म्हणतात, 'बघतोय की!' आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या जगात बघणं पूर्ण झालेलं असतं.

प्रिझम: जाणिवेला वळसा घालणारा मार्ग

प्रिझमच्या चष्म्याने दिसणारं सगळं सुमारे १० अंश उजवीकडे सरकतं. काचेची जाड कड डावीकडे असते. ६० सेंटिमीटरवरच्या लक्ष्यावर हे सरकणं साधारण १० सेंटिमीटर होतं. पेशंट समोरच्या ठिपक्याकडे बोट नेतो, तर ते ठिपक्याच्या उजवीकडे जातं. हात निघताना दिसू नये म्हणून वर फळीची आड असते. दिसतं फक्त शेवटी बोट कुठे पोहोचलं ते. काही वेळा चुकल्यावर मेंदू हाताला डावीकडे वळवायला लागतो आणि बोट ठिपक्यावर येतं. सुमारे ५० वेळा बोट दाखवलं की चष्मा काढायचा. आता डोळे मिटून 'अगदी समोर' बोट दाखवायला सांगितलं तर ते डावीकडे जातं. हाच परिणाम हवा असतो.

१९९८ मध्ये यव्ह रोसेत्ती आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा एकाच बैठकीनंतर निग्लेक्टच्या चाचण्या सुधारतात आणि तो फायदा निदान दोन तास टिकतो. पुढे दोन आठवडे रोज दोनदा करून पाहिल्यावर काही पेशंटमध्ये आठवडेच्या आठवडे सुधारणा टिकलेली दिसली. याला पेशंटची समज किंवा कबुली लागत नाही. फक्त बसता यावं, उजवा हात चालावा आणि सूचना कळावी.

पण नंतरच्या, जास्त काटेकोर चाचण्यांत निकाल एकसारखे आले नाहीत. काहींत नियंत्रण गटाच्या तुलनेत रोजच्या जीवनात फरकच दिसला नाही. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात औषधाविना केल्या जाणाऱ्या कुठल्याच उपचाराचा दैनंदिन कामांवरचा फायदा अजून सिद्ध झाला नसल्याचा निष्कर्ष आहे. यात स्कॅनिंगही आलं. कुणी तुम्हाला प्रिझम म्हणजे हमखास इलाज म्हणून सांगत असेल तर हे त्याला दाखवा.

दोन घोटाळे टाळा. हा चष्मा सरावाच्या वेळेपुरताच असतो, दिवसभर घालायचा नाही. हवा असलेला परिणाम चष्मा काढल्यानंतर दिसतो, म्हणून तो घालून बसण्यात अर्थ नाही. दुसरं, अर्धदृष्टीसाठी काचेवर चिकटवायचे प्रिझम वेगळे असतात. त्यांचा हेतूही वेगळा असतो. नावाच्या सारखेपणामुळे एक मागितलं आणि दुसरं मिळालं, असं होऊ देऊ नका.

एक उदाहरण

समजा, ६४ वर्षांचे एक गृहस्थ, उजव्या मेंदूत मोठा स्ट्रोक होऊन तीन आठवडे झालेत. कागदावर विखुरलेले छोटे तारे शोधून खोडायच्या चाचणीत ५४ पैकी १९ तारे खोडले, आणि तेही बहुतेक उजवीकडचे. ५१ किंवा कमी आले की ते बिघाडाचं लक्षण धरतात. २० सेंटिमीटरच्या रेघेचा मध्य ३ सेंटिमीटर उजवीकडे. फील्ड तपासणीत अर्धदृष्टी नाही.

आता निर्णायक गोष्ट. कॅथरीन बर्जेगो स्केल या प्रश्नावलीत रोजच्या दहा प्रसंगांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. एकूण ३०, जास्त म्हणजे वाईट. थेरपिस्टने त्यांना २२ गुण दिले. स्वतः पेशंटने स्वतःला ४. ही तफावत म्हणजे आजाराची जाणीव किती कमी आहे याचं मोजमाप, आणि पर्याय निवडताना मी सर्वात आधी हीच पाहते. तफावत कमी असती तर मी सरळ स्कॅनिंगने सुरुवात केली असती. इतक्या तफावतीत नुसतं स्कॅनिंग म्हणजे पेशंटला 'तू विसरतोस' हे रोज ऐकवणं. म्हणून इथे आधी प्रिझम, दहा दिवस, दिवसातून एक बैठक. स्कॅनिंग मात्र बंद नाही. ते जेवण आणि कपड्यांपुरतं, घरच्यांच्या मदतीने चालू ठेवायचं.

पहिल्या दोन बैठकींत एकच तपासायचं: चष्मा काढल्यावर बोट डावीकडे जातंय का? गेलं नाही तर मेंदू जुळवून घेत नाहीये. तिथे चष्मा उलटा तर नाही ना, आड नीट आहे ना, सराव पुरेसा झाला का, हे बघा. हा परिणाम दिसल्याशिवाय पुढच्या बैठकी मोजण्यात अर्थ नाही.

समजा, दोन आठवड्यांनी तारे ४१ झाले. घरचे खूश होतात. पण बर्जेगोचे गुण २२ वरून २० वरच आले. तर कागदावरचा फायदा जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचला नाही, आणि मी प्रिझम पुढे लांबवणार नाही. गुण १४ वर आले असते, तर चित्र वेगळं असतं. मात्र तिथेही एक मोठी अडचण आहे. निग्लेक्ट आपोआपही सुधारतं, आणि ही सुधारणा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते. तीन आठवडे ते पाच आठवडे या काळात दिसलेली सुधारणा प्रिझमची की निसर्गाची, हे एका पेशंटवरून सांगता येत नाही. म्हणून उपचाराआधी काही दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. दोन मोजमापांत आधीच उतार दिसत असेल, तर पुढच्या उताराचं सगळं श्रेय चष्म्याला देऊ नका.

मग काय निवडायचं

माझं मत असं: स्कॅनिंग हा पाया. तो जवळपास प्रत्येकाला हवा, कारण त्यातून मिळणारी सवय घरच्यांनाही चालवता येते. प्रिझम हा दोन आठवड्यांचा प्रयोग, आणि तो जाणीव नसलेल्या, उजवा हात चालणाऱ्या, बसू शकणाऱ्या पेशंटसाठी. जाणीव चांगली असेल, किंवा दोन आठवडेही रोज यायला जमणार नसेल, तर प्रिझम सोडून दिला तरी मोठं नुकसान मानू नका. दोन आठवड्यांनी दैनंदिन गुणांत दोन-तीनपेक्षा जास्त फरक नसेल तर प्रिझम बंद करून तो वेळ स्कॅनिंगला द्यावा.

या दोन्हींपैकी काहीही चालू असलं तरी रस्ता ओलांडताना, जिना उतरताना आणि शेगडीजवळ कोणीतरी पेशंटच्या डाव्या बाजूला उभं राहायला हवं. गाडी चालवण्याचा विषय डॉक्टरांच्या औपचारिक तपासणीपर्यंत पूर्ण बंद ठेवा, कागदावरचे तारे ५४ पैकी ५४ आले तरीही. शांत खोलीत, एका कागदावर लक्ष देता येणं आणि गर्दीत सगळीकडे लक्ष ठेवणं यांत बराच फरक आहे, आणि निग्लेक्ट ताणाखाली परत डोकं वर काढतं.