दोन कुलुपं, पण कपाट एकच

फेब्रुवारीतल्या एका रविवारी धाकटा हॉलमध्ये बसून थोरलीच्या डायरीला स्टिकर चिकटवत होता. डायरी तिच्या कपाटात असायची, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. ती नववीत, हा दुसरीत. जो काही आरडाओरडा झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असणार. "तू माझं कुलूप तोडलंस!" "नाही तोडलं, माझ्या कपाटातून हात घातला!"

आम्हाला ते खरंच वाटेना. मी त्याच्या बाजूचं दार उघडलं, शाळेचे गणवेश बाहेर काढले आणि मोबाईलचा टॉर्च मारला. दोन कपाटांच्या मध्ये समोरून चार इंच रुंदीची एक उभी पट्टी होती. दार उघडल्यावर ती पट्टी बघून कुणालाही वाटेल की हीच मधल्या भिंतीची कड आहे. तिच्यामागे भिंत नव्हतीच. चोवीस इंच खोलीपैकी मागचे वीस इंच आरपार मोकळे होते आणि मला तिची ओढणी दिसत होती.

आता हे कसं झालं ते सांगते. जुळे सोलापुरात आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, शेवटच्या मजल्यावर. मुलांची खोली दहा बाय अकराची. मुलगी मोठी होतेय, तिला कपडे बदलायला, लिहायला, नुसतं गप्प पडून राहायलाही आडोसा हवा. मुलाला त्याच्या गाड्या आणि गोट्या पसरायला जमीन हवी. तिसरी खोली काही उगवणार नव्हती. म्हणून एका भिंतीला बंक बेड, वर ती, खाली तो, दोघांच्या बेडला वेगवेगळा पडदा आणि शेजारी अडीच-अडीच फुटांची दोन स्वतंत्र कपाटं, असं मीच वहीच्या पानावर काढलं. वरचा बेड तिला देण्यामागे आणखी एक कारण होतं. सहा वर्षांच्या आतलं मूल वर झोपवू नये, असं सगळीकडे सांगतात. आमचा सात वर्षांचा, पण झोपेत गडगडा लोळणारा.

फर्निचरवाला ओळखीतून आलेला. नाव लिहीत नाही. बोलायला गोड. "वहिनी, घरात धूळ कशाला? सगळं कारखान्यात करून आणतो, एका दिवसात जोडतो. गड्ड्याच्या जत्रेआधी पोरं नवीन बेडवर झोपली नाहीत तर नाव बदला." त्याने प्लायवूडचा हातभर तुकडा दाखवला. त्यावर आयएसआयचा शिक्का होता, कडेला थरावर थर स्वच्छ दिसत होते. मी तो तुकडा हातात धरून बघितला आणि त्यालाच माल समजले. कारखान्यात एकदाही गेले नाही. पहिली चूक ही.

दुसरी चूक कागदाची. ठरलं एक लाख अडतीस हजाराला, आणि व्हॉट्सॲपवर आलं एवढंच : "1 बंक बेड, 2 कपाट, प्लाय, लॅमिनेटसहित." कुठली प्लाय, किती जाडीची, कपाटाच्या आत काय, काहीच नाही. निम्मे, म्हणजे एकोणसत्तर हजार, यूपीआयने दिले. माल आल्यावर पंचावन्न हजार रोख दिले, कारण "कामगारांचे पगार आहेत वो." चौदा हजार तेवढे राहिले, तेही यांचा पगार व्हायचा होता म्हणून.

जत्रेआधी बेड आला, शब्द पाळला. वर गादी फुकट! आठ इंच जाडीची, मऊ. आम्ही खूश. वरच्या बेडच्या कठड्याचं माप मी सांगितलं होतं, फळीपासून बारा इंच. ते सहा इंचाच्या गादीच्या हिशोबाने होतं. आठ इंची गादी टाकल्यावर कठडा उरला चार इंच. अमेरिकेतल्या नियमात तो गादीच्या वर किमान पाच इंच हवा, युरोपात सोळा सेंटीमीटर, म्हणजे सव्वासहा इंच. वर झोपलेल्या माणसाचा खांदाच चार इंचांच्या वर जातो. फुकट गादीपायी कठडा बुटका झाला हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, थोरली रात्री अर्धवट बाहेर लोंबकळलेली दिसली तेव्हा. गादी परत केली, जुनी चार इंची टाकली.

पंख्याचंही तसंच. "पंखा लांब आहे वो," म्हणाला होता. खोली दहा फूट रुंद, पंखा मधोमध, पातं दोन फुटांचं. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर. बेड चौकटीसह सव्वातीन फूट. पातं तीन इंच बेडच्या वर फिरत होतं. वर उभं राहून चादर झटकली असती तर काय झालं असतं याचा विचार नको. तो पंखा काढून समोरच्या भिंतीवर वॉल फॅन लावला. यात फसवणूक त्याची कमी, आमचा आळस जास्त. टेप घरात होती.

डायरीच्या प्रकरणानंतर त्याला फोन केला. म्हणाला, "आतून मोकळं ठेवलंय, हवा खेळावी म्हणून." दोन दार, दोन कुलुपं दिली म्हणजे दोन कपाटं झाली, असा त्याचा हिशोब. मी मात्र माप घेतलं. सात फूट उंच आणि दोन फूट खोल, म्हणजे चौदा चौरस फूट. आठ बाय चारचा शीट बत्तीस चौरस फुटांचा असतो. एक उभी भिंत गाळली की जवळजवळ अर्धा शीट वाचतो. दोन स्वतंत्र कपाटं केली असती तर मध्ये अशा दोन भिंती आल्या असत्या. पैसे त्याने दोन कपाटांचे घेतले.

तरीही लाकूड चांगलं आहे ना, असं म्हणून आम्ही गप्प राहिलो. एप्रिलमध्ये तेही गेलं.

सोलापूरचा उन्हाळा, त्यात शेवटचा मजला. स्लॅब रात्री अकरापर्यंत भट्टीसारखा तापलेला, आणि वरच्या बेडवर झोपणारीच्या डोक्यावर तोच. खिडकीत कूलर लावला, बेडच्या पायथ्याशी. दोन आठवड्यांत खालच्या ड्रॉवरची कड फुगली. लॅमिनेट उचललं गेलं, आत तपकिरी चुऱ्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. मग वरचा बेड कुरकुरायला लागला. ती कुशीवर वळली की खाली धाकटा ओरडायचा, "ताई, हलू नको!" एके दिवशी वरच्या बेडची लांब पट्टी जिथे खांबाला जोडली होती, तिथल्या फटीत मी दहा रुपयांचं नाणं सरकवून पाहिलं. सहज आत गेलं.

त्या रात्रीपासून दोघांना आमच्या खोलीत जमिनीवर झोपवलं आणि गल्लीतल्या अण्णांना बोलावलं. अण्णा आयुष्यभर सुतारकाम केलेले, आता नुसते देवळात बसतात. त्यांनी कपाटाच्या दाराची बिजागरी सोडवली. स्क्रू बाहेर आला तो भुशासकट, दाणेदार, चिवड्याच्या तळाशी उरतं तसा. त्यांनी चिमटीत घेऊन माझ्या तळहातावर ठेवला. "ही प्लाय नाही बाळा. पार्टिकल बोर्ड आहे. लाकडाचा चुरा डिंकात दाबलेला."

मी म्हणाले, "पण किती जड आहे!" ते हसले. पार्टिकल बोर्ड हलका नसतो, वजनाने काही कळत नाही. बघायची जागा वेगळी, म्हणून त्यांनी बिजागरीचा खड्डा दाखवला. दारात बिजागरीची वाटी बसवायला पस्तीस मिलिमीटर रुंदीचा गोल खड्डा पाडतात. बाहेरच्या सगळ्या कडांवर पट्टी चिकटवून झाकता येतं, पण त्या खड्ड्याच्या आतल्या भिंतीला कोणी पट्टी लावत नाही. प्लाय असेल तर तिथे आडवे-उभे थर दिसतात, बोर्ड असेल तर शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे दाबलेले कण. दोन स्क्रू सोडवायचे, टॉर्च मारायचा, पाच मिनिटांचं काम. माल उतरवून घेताना, पैसे हातात असताना मी हे केलं असतं तर.

अण्णांचा बोर्डावर राग नव्हता, हेही सांगते. कोरड्या खोलीत कपाटाच्या आतल्या लहान फळ्यांना तो चालतो, स्वस्तही पडतो. पण त्यात स्क्रू एकदा ढिला झाला की पुन्हा पकड घेत नाही, आणि पाण्याची हवा लागली की तो फुगतो आणि परत बसत नाही. माणसाचं वजन पेलणारी, रोज चढता-उतरता हिसके खाणारी जोडणी त्यात करायचीच नसते. आणि आम्ही शेजारी कूलर लावला होता.

फर्निचरवाला अखेर घरी आला. मी चुरा समोर ठेवला. त्यावर त्याचं उत्तर असं : "प्लायच आहे की वो वहिनी, पार्टिकल प्लाय म्हणतात याला." आणि मेसेजमध्ये नुसतं "प्लाय" लिहिलेलं! आता कोणी विचारलं तर मी सांगते, कागदावर प्लायचा ग्रेड आणि जाडी लिहून घ्या. नुसता ओलावा सोसणारी एमआर, उकळत्या पाण्यालाही टिकणारी बीडब्ल्यूआर की त्याहून पक्की बीडब्ल्यूपी, आणि किती मिलिमीटर. आणि लॅमिनेट लावण्याआधी शीटवरचा शिक्का स्वतः बघा. आयएसआयच्या खुणेजवळ CM/L ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो मोबाईलवर BIS Care या ॲपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीला, कशासाठी परवाना आहे ते दिसतं. कारखान्यात येऊ देत नसेल तर तिथेच थांबायचं.

त्याने पैसे परत द्यायला नकार दिला तेव्हा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलाकडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे वकिलाने सांगितलं. पुरावा मात्र यूपीआयचा तेवढा. पंचावन्न हजार रोख दिल्याची पावतीच नाही, बिल तर त्याने कधीच दिलं नव्हतं. नोटिशीनंतर तो पंधरा हजार परत देऊन गेला, आणि राहिलेले चौदा आम्ही दिले नाहीत. आयोगात गेलो नाही. जायला हवं होतं असं हे म्हणतात, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णांनी वरच्या बेडच्या लांब पट्ट्या काढून प्लायच्या दुहेरी केल्या, चारही कोपऱ्यांना लोखंडी अँगल लावले आणि स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट टाकले. कूलर दुसऱ्या खिडकीत गेला. कपाटात बारा मिलिमीटरची भिंत बसवली, मागच्या फळीपर्यंत. काम झाल्यावर थोरलीने धाकट्याला त्याच्या बाजूने हात घालायला सांगितला, स्वतः आपल्या बाजूने टॉर्च लावून बसली. खाली वायरसाठी अण्णांनी अर्ध्या इंचाची फट ठेवली होती. तिने ती मोजली, कापूस कोंबला आणि मग किल्ली पुन्हा गळ्यात घातली.