पावडरच्या दुधाचा डबा, सात महिन्यांनंतर: सगळं चमच्यावर अडलं

हे आधीच लिहायचं होतं. पण डबा बदलला, मग माझं मतही बदललं, म्हणून राहून गेलं. लेक आता आठ महिन्यांची आहे. तिसऱ्या आठवड्यापासून तिला अंगावरच्या दुधाबरोबर पावडरचं दूध चालू आहे. कोणता डबा चांगला, हे मी इथे सांगणार नाही, कारण ते तुमच्या बाळाचे डॉक्टर ठरवतील. डब्यावर काय वाचायचं ते सांगते. ते न वाचल्यामुळे सातव्या आठवड्यात आमच्या घरी सहा दिवस लेकीच्या पोटात दुप्पट घट्ट दूध गेलं.

सुरुवात अशी झाली. जन्माच्या वेळी वजन 2.9 किलो होतं. बाळाचं वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर येतं. आमची लेक एकविसाव्या दिवशी 2.75 वर होती, लंगोटही दिवसाला जेमतेम चार-पाचच ओले होत होते. डॉक्टरांनी आधी तिला अंगावर नीट लावून बघितलं, पंपाने दूध काढून बघायला लावलं, आणि मगच वरचं दूध सुचवलं. आधी अंगावर पाजायचं आणि त्यानंतर दिवसातून तीनदा 60 मिली, तेही बाटलीऐवजी बोंडल्याने.

पहिला डबा आपल्याकडचाच होता, स्टेज 1, सहा महिन्यांपर्यंतचा. त्यावर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं होतं. चमचा साधारण 4.4 ग्रॅमचा. म्हणजे 60 मिलीला दोन चमचे, तीन वेळचे मिळून सहा चमचे, दिवसाला 26 ग्रॅमच्या आसपास. 400 ग्रॅमचा डबा पंधरा दिवस पुरायचा. मी खर्चाची वही ठेवते, त्यात डबा उघडल्याची आणि संपल्याची तारीख लिहीत होते. हे फक्त पैशासाठी होतं, पण पुढे कामाला आलं तेच.

सातव्या आठवड्यात जाऊबाई न्यू जर्सीहून आल्या. येताना प्रेमाने तिथल्या पावडरचे दोन डबे घेऊन आल्या. दूध तेच, गाईच्या दुधापासूनचं. आमचा डबा संपतच आला होता, म्हणून दुसऱ्या दिवसापासून हा सुरू केला. रात्रीचं दूध सासूबाई करायच्या. मीच त्यांना सांगितलं होतं, "तीसला एक, साठला दोन." ते आम्हाला इतकं पाठ झालं होतं की नव्या डब्याची मागची बाजू कुणी वाचलीच नाही.

तिसऱ्या दिवसापासून शी घट्ट व्हायला लागली, लहान लहान गोळे. दूध पिऊन झालं तरी ती कुरकुरायची, ओठ चाटायची. आम्हाला वाटलं भूक भागत नाहीये. आईने फोनवर एक वेळ वाढव म्हणून सांगितलं, आणि मी वाढवणारही होते. लंगोट मात्र कमी झाले, आणि जे ओले व्हायचे त्यांच्यावर गडद पिवळा डाग पडायचा. सहाव्या दिवशी रात्री चमचा डब्याच्या तळाला खरवडायला लागला. वहीत बघितलं. डबा 352 ग्रॅमचा, म्हणजे तेरा दिवस जायला हवा होता. सहा दिवसांत संपला कसा?

तेव्हा डबा दिव्याखाली धरून वाचला. 2 औंस पाण्याला एक सपाट चमचा. दोन औंस म्हणजे जवळपास 60 मिली. तो चमचाच 8.7 ग्रॅमचा, आपल्या चमच्याच्या दुप्पट. आम्ही 60 मिलीला दोन टाकत होतो.

सकाळी दवाखान्यात. डॉक्टरांनी वजन केलं, टाळू दाबून बघितली, रक्तातलं सोडियम तपासायला पाठवलं. ते ठीक आलं. दिवसाचं बरंचसं दूध अजून अंगावरचं होतं, म्हणून निभावलं, असं त्या म्हणाल्या. दुप्पट घट्ट दुधात प्रथिनं आणि क्षार दुप्पट जातात, ते लघवीवाटे बाहेर टाकायला पाणी लागतं, आणि इतक्या लहान बाळाच्या मूत्रपिंडांना लघवी फारशी घट्ट करता येत नाही. म्हणून पाणी अंगातलंच जातं. ती कुरकुर भुकेची नव्हती, तहानेची होती. दूध वाढवलं असतं तर आणखी बिघडलं असतं. त्यांनी योग्य मापाचं दूध आणि जास्त वेळा अंगावर, एवढंच सांगितलं. वेगळं पाणी अजिबात नको, कारण सहा महिन्यांच्या आत साधं पाणी देत नाहीत. दोन दिवसांत लंगोट परत सात-आठवर आले.

त्या दिवसापासून मी चमच्याच्या मागे लागले, आणि लोक काय म्हणतील ते म्हणोत, त्यात मला चूक वाटत नाही. केकसाठी घेतलेला वजनकाटा घरात होता. आपल्या डब्याचे दहा चमचे, सुरीच्या पाठीने सपाट करून, मोजले: 44 ग्रॅम. मग नवऱ्याला म्हटलं, तू रोज भरतोस तसे दहा भर. तो डब्याच्या कडेला दाबून शिगोशीग भरतो. ते 54 भरले. म्हणजे दुधात जवळजवळ पावपट जास्त पावडर, आणि डबा पंधराऐवजी बाराच दिवस. पावडर दाबायची नाही, चमचा हलवून बसवायची नाही, फक्त वरून सपाट करायची. आणि पाणी आधी मोजून घ्यायचं, पावडर मग. आधी पावडर टाकून 60 च्या खुणेपर्यंत पाणी भरलं तर पाणी कमी पडतं, कारण पावडरही जागा घेते.

उलट चूकही तितकीच वाईट. डबा पुरवायचा म्हणून थोडं जास्त पाणी घालणारी घरं मला माहीत आहेत. त्यात बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं, पण वजन वाढत नाही, आणि पाणी फारच जास्त झालं तर सोडियम खाली जातं. काटकसर इतर कशातही करा, इथे नको.

आता मत बदललं ते. पहिले काही आठवडे मी रागाने म्हणत होते की परदेशी डबा घरात आणायचाच नाही. पण तो डबा नीट वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. त्यावर वय लिहिलं होतं 0 ते 12 महिने. तिथे पहिल्या वर्षासाठी साधारण एकच पावडर. आपल्याकडे सहा महिन्यांपर्यंत स्टेज 1, पुढे स्टेज 2, वर्षानंतर 3, दीड वर्षानंतर 4. लेक सहा महिन्यांची झाल्यावर मेडिकलवाल्याने न विचारता स्टेज 2 काढून दिला, "आता हाच चालतो." मी दोन्ही डबे शेजारी ठेवून 100 किलोकॅलरीमागचे आकडे बघितले. आमच्या दोन डब्यांत ठळक फरक प्रथिनांचा होता, स्टेज 2 मध्ये जास्त. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, बाळ वरणभात, नाचणीची पेज, अंडं खायला लागलंय, स्टेज 1 वर्षापर्यंत चालतं, बदलायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 साली सहा महिन्यांनंतरचं असं वेगळं दूध गरजेचं नाही असं म्हटलंय. आम्ही स्टेज 1 च ठेवला. आकडा चढला म्हणजे बाळाची इयत्ता चढली असं होत नाही.

असाच एक सल्ला दुकानात चौथ्या महिन्यात मिळाला होता. शी हिरवट, संध्याकाळी रडणं, तर लॅक्टोज फ्री घ्या. मी डबा घेतलाही, मग घरी येऊन घटक वाचले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. आमच्या साध्या डब्यात लॅक्टोज वरच्या ओळीत होतं, यात त्याच्या जागी माल्टोडेक्स्ट्रिन. पण माझ्या अंगावरच्या दुधातही लॅक्टोज आहेच, 100 मिलीला साधारण 7 ग्रॅम. दिवसभर तेच पिणाऱ्या मुलीला तीन वेळा लॅक्टोज फ्री देऊन काय साधणार होतं? तो प्रकार जुलाबानंतर काही दिवस, डॉक्टर सांगतील तेव्हा. सोया, विघटित प्रथिनांचं, कमी वजनाच्या बाळांचं, हे सगळे वेगळ्या कारणांसाठीचे डबे आहेत आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून घ्यायचे नाहीत. तो डबा न उघडताच परत दिला. त्याने पैसे दिले नाहीत, बदली घ्यायला लावली.

डब्याच्या मागे छापलेल्या तक्त्याबद्दल एवढंच, की त्यातलं माप फक्त पावडरवर वाढणाऱ्या बाळाचं असतं. मी सुरुवातीला दोन दिवस तक्त्याप्रमाणे दिलं, तर ती अंगावर ओढेनाशी झाली आणि माझंही दूध कमी व्हायला लागलं. मिश्र पाजणाऱ्यांनी माप डॉक्टरांकडून वजन बघून घ्यावं.

पाण्याच्या बाबतीत माझी डब्याशी तक्रार आहे. आमच्या डब्यावर पाणी उकळून कोमट करा असं आहे. पण ही पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना 70 अंशांपेक्षा थंड पाणी नको म्हणते. आम्ही उकळून अर्ध्या तासाच्या आत पावडर टाकतो, मग वाटी गार पाण्यात धरून थंड करतो आणि मनगटावर थेंब टाकून बघतो. उरलेलं ठेवत नाही.

पैशाचं म्हणाल तर सवलत शोधत बसू नका. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने या दुधाची जाहिरात आणि भेटवस्तूंची आमिषं बंद आहेत, डब्यावर बाळाचा फोटोही नसतो, आणि आईचं दूध सर्वोत्तम असं ठळक छापावं लागतं. मला हा कायदा आवडतो. आम्ही खोक्यातलं रिफिल घेतो, थोडं स्वस्त पडतं. फक्त त्याचा चमचा त्याच्याबरोबरच ठेवायचा, जुन्या डब्यातला वापरायचा नाही.

सध्या लेक दिवसाला दोनदाच वरचं दूध घेते. आमच्या डब्याच्या झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात "30 मिलीला 1, सपाट" आणि उघडल्याची तारीख लिहिलेली असते. सासूबाईंना चष्म्याशिवायही वाचता येतं. जाऊबाई मार्चमध्ये परत येणार आहेत. त्यांना मी यावेळी फक्त बदाम आणायला सांगितलेत.