डागडुजी की नवी बांधणी? ऑटोमेशनसाठी सहा आठवडे मागताना

सर,

मोंढ्यात सोयाबीनची आवक दसऱ्याच्या सुमाराला वाढते. तेव्हा आपल्या अडतीच्या सॉफ्टवेअरला हात लावायची सोय नसते, म्हणून पेरण्या चालू असतानाच हे पत्र.

आपल्या 400 सेलेनियम टेस्टपैकी काही रोज विनाकारण लाल होतात. आपण री-रन दाबतो, हिरवं झालं की पुढे. एकेक टेस्ट दोनशे वेळांत एकदाच उगाच पडते असं धरलं, तरी सगळ्या एका दमात हिरव्या येण्याची शक्यता 13 टक्क्यांच्या आसपासच राहते. त्यामुळे लाल रंगाला कुणी भीत नाही.

गेल्या हंगामात हेच महागात पडलं. हिशोबपट्टीची टेस्ट लाल झाली, री-रनला हिरवी. खरं कारण असं होतं: सर्व्हर मंद असताना 'सेव्ह' दोनदा दाबलं गेलं की हमाली दोनदा कापली जायची. दुसऱ्या वेळी सर्व्हर मोकळा होता, चूक लपली. ती शेवटी एका शेतकऱ्याने पट्टी हातात घेऊन दाखवली. म्हणजे री-रन फुकट नाही, हे पहिल्या पर्यायाबद्दल पुरे.

दुसरा पर्याय, सगळं प्लेराइटमध्ये नव्याने. क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, दाबता येतंय का हे ते स्वतः तपासतं. आपल्याकडे मात्र जागोजागी हे आहे:

```java
Thread.sleep(5000);
```

पट्टी सहाव्या सेकंदाला आली की टेस्ट पडते, दुसऱ्याला आली तर तीन सेकंद वाया. पण माझ्या अंदाजाने नव्या बांधणीला चार महिने लागतील, म्हणजे हंगाम अंगावर येईल. शिवाय आपला निम्मा त्रास वेगळाच आहे: बऱ्याच टेस्ट एकाच शेतकऱ्याचं खातं वापरतात आणि एकत्र चालल्या की एकमेकींची शिल्लक बिघडवतात. ते दुखणं प्लेराइटमध्येही जसंच्या तसं येईल. (टीममधल्या पोरांना नवं टूल हवंय, मलाही आवडेल, पण ते कारण पुरेसं नाही.)

तिसरा पर्याय डागडुजीचा, आणि माझा कौल त्यालाच. दोन माणसं, सहा आठवडे, फक्त हेच काम. आधी वरचेवर पडणाऱ्या टेस्ट रिलीजच्या वाटेतून बाजूला काढून त्यांची वेगळी यादी. मग ठरावीक थांबण्याऐवजी पट्टी दिसेपर्यंत थांबणं:

```java
wait.until(visibilityOfElementLocated(By.id("patti")));
```

आणि प्रत्येक टेस्टला स्वतःचं नवं खातं. तोलाई-हमालीची नुसती गणितं स्क्रीनवरून तपासायची गरज नाही, ती खाली युनिट टेस्टमध्ये जातील. लायसन्सचा खर्च शून्य. खर्च पगाराचा आणि त्या काळात लांबणाऱ्या दोन फीचर्सचा. दर स्प्रिंटला एक दिवस काढूही म्हणता येईल, पण तो दिवस दर वेळी कुणीतरी मागून नेतं, हे आपण दोघंही जाणतो.

मोजमाप साधं ठेवू: सहाव्या आठवड्यात कोडला हात न लावता सगळ्या टेस्ट सलग वीस वेळा चालवायच्या. वीसपैकी दोनपेक्षा जास्त वेळा लाल आलं, तर प्लेराइटचा प्रस्ताव हंगामानंतर मीच घेऊन येईन.

आपला,
क्यूए लीड