सरळ रेषा की घटती शिल्लक: टॉवेलच्या कारखान्याचं असेट रजिस्टर बनवताना घसाऱ्याचा कुठला फॉर्म्युला टाकायचा?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका ओळखीच्या टॉवेलवाल्या मालकांनी मला विचारलं, "काय ओ, लूम घेतला सहा लाखाचा, सीए वर्षाला नव्वद हजार घसारा धरतोय आणि पोरगा म्हणतोय सत्तावन्न हजार धरा, कुणाचं बरोबर?" दोघांचंही बरोबर होतं की ओ. सीए डब्ल्यूडीव्ही म्हणजे घटत्या शिल्लकेने धरत होता आणि पोरगा एसएलएम म्हणजे सरळ रेषेने. आता एक्सेलमध्ये रजिस्टर बनवायचं तर कॉलममध्ये नक्की काय टाकायचं एवढाच प्रश्न उरतो, म्हणून तोच लूम घेऊन दोन्ही शेजारी शेजारी मांडतो.

लूमची किंमत ६,००,०००, आपल्या अंदाजाने आयुष्य १० वर्षं, शेवटी भंगारात ३०,००० येतील असं धरलं. एक लक्षात ठेवा, बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तो जीएसटी किमतीत धरायचा नाही, कारण क्रेडिटही घेतलं आणि त्याच रकमेवर घसाराही घेतला असं दोन्हीकडून चालत नाही. भाडं, हमाली, फिटिंगचा खर्च मात्र किमतीत येतो.

सरळ रेषेत हिशोब शाळेतल्या भागाकाराचा. किमतीतून भंगार वजा करायचं, ५,७०,००० उरतात, त्याला १० ने भागायचं, वर्षाला ५७,०००, आणि पहिल्या वर्षापासून दहाव्यापर्यंत आकडा हलत नाही. घटत्या शिल्लकेत दर ठरलेला असतो आणि तो दर वर्षी उरलेल्या किमतीवर लागतो. इन्कम टॅक्समध्ये साधारण प्लँट मशिनरीला १५% आहे, म्हणजे पहिल्या वर्षी ९०,०००, दुसऱ्या वर्षी ५,१०,००० च्या १५% म्हणजे ७६,५००, तिसऱ्या वर्षी ६५,०२५, असं खाली खाली उतरत जातं.

वर्षाअखेर वहीत काय किंमत उरते ते बघा:

| वर्ष | सरळ रेषा | १५% घटती शिल्लक |
|---|---|---|
| १ | ५,४३,००० | ५,१०,००० |
| ५ | ३,१५,००० | २,६६,२२३ |
| ७ | २,०१,००० | १,९२,३४६ |
| ८ | १,४४,००० | १,६३,४९४ |
| १० | ३०,००० | १,१८,१२५ |

सगळे म्हणतात घटती शिल्लक म्हणजे घसारा जास्त आणि लवकर. पहिली तीन वर्षं खरंय, पण पुढे वार्षिक घसारा ५७,००० च्या खाली जातो, आणि आठव्या वर्षी तर वहीतली शिल्लकच सरळ रेषेच्या वर निघते. दहा वर्षांनी लूम भंगारात जायच्या लायकीचा झालाय आणि वहीत अजून १,१८,१२५ ला उभा आहे! कारण १५% हा दर तुमच्या लूमचं आयुष्य बघून काढलेला नाहीये, तो कायद्यातला दर आहे. दहा वर्षांत बरोबर ३०,००० वर यायचं असेल तर दर जवळपास २५.९% लागतो, मग पहिल्याच वर्षी १,५५,४०० घसारा पडतो. म्हणजे "घटती शिल्लक" असं नुसतं म्हणून भागत नाही, दर कुठून आणला ते आधी विचारायचं.

एक्सेलमध्ये घोळ नेमका इथेच होतो. तीन फॉर्म्युले असे आहेत:

```
=SLN(600000,30000,10)
=DB(600000,30000,10,1)
=DDB(600000,30000,10,1)
```

पहिला ५७,००० देतो. दुसरा आयुष्य आणि भंगारावरून दर स्वतः काढतो, तीन दशांशापर्यंत राउंड करतो, आणि १,५५,४०० देतो. तिसरा सरळ रेषेच्या दुप्पट दर म्हणजे इथे २०% लावतो आणि १,२०,००० देतो, पण तो भंगार किमतीपर्यंत पोचेलच असं नाही, या लूमवर दहा वर्षांनी ६४,४०० च्या आसपास शिल्लक राहते. तिघांपैकी एकही इन्कम टॅक्सचा ९०,००० देत नाही. नाव बघून DB टाकला आणि रिटर्नला आकडा जुळेना म्हणून रात्रभर बसलेले लोक मला माहितीयेत. मी स्वतः एकदा कॉम्प्युटरला भंगार किंमत शून्य टाकून DB लावला, तर पहिल्याच वर्षी अख्खी किंमत घसाऱ्यात गेली आणि पुढे सगळे शून्य. गणिताने ते बरोबरच आहे, कारण ठरलेल्या टक्क्याने कमी करत शून्यावर कधी पोचताच येत नाही, मग फॉर्म्युला दर थेट १००% काढतो.

टॅक्ससाठी कुठलंच फंक्शन नको, साधा गुणाकार बास. `F2` मध्ये वर्षाची सुरुवातीची शिल्लक असेल तर:

```
=ROUND(F2*15%,0)
```

आणि सरळ रेषेसाठी `SLN` नुसता खाली ओढू नका, त्याला वर्ष कळत नाही, अकराव्या वर्षीही तो ५७,००० देतच राहतो आणि वहीत मशीन मायनसमध्ये जातं. म्हणून असं लिहायचं, `C2` किंमत, `D2` भंगार, `E2` आयुष्य:

```
=MIN(SLN($C$2,$D$2,$E$2),F2-$D$2)
```

फॉर्म्युला चुकलाय का ते ओळखायची सोपी खूण सांगतो. सरळ रेषेच्या कॉलममध्ये दरवर्षी तोच आकडा दिसला पाहिजे, उतरताना दिसला तर कुणीतरी मूळ किमतीऐवजी शिल्लकेवर भागाकार केलाय. घटत्या शिल्लकेत या वर्षीच्या घसाऱ्याला मागच्या वर्षीच्याने भागलं की ०.८५ यायला पाहिजे, १ आला तर दर मूळ किमतीवरच लागतोय.

आता तारखेचं. इन्कम टॅक्समध्ये मशीन त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी अर्धाच दर, १५ चा ७.५%. आपल्याकडे नवीन मशीनची पूजा दसऱ्याला करून चालू करायची पद्धत, आणि गंमत अशी की २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, तिथून ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस होतात, म्हणजे पूर्ण ९०,००० मिळतात. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, त्या मुहूर्तावर चालू केलेल्याला पहिल्या वर्षी ४५,००० च. उरलेलं बुडत नाही, शिल्लकेत राहून पुढच्या वर्षांत मिळतं, पण रजिस्टरमध्ये बिलाच्या तारखेशेजारी "वापर सुरू" अशी वेगळी तारीख ठेवायची ती यासाठी, आणि त्या दिवशीचं प्रॉडक्शन रजिस्टर किंवा जॉबवर्कचं चलन जपून ठेवा. सरळ रेषेत असा अर्धा-पूर्ण प्रकार नसतो, जितके महिने वापरलं तितक्या महिन्यांचा धरायचा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला चालू केलं तर पाच महिन्यांचे २३,७५०.

मग घ्यायचं कुठलं? टॅक्सच्या बाबतीत साध्या कारखान्याला चॉइसच नाही, तिथे घटती शिल्लकच, सरळ रेषेची मुभा वीजनिर्मिती करणाऱ्यांना आहे. आणि तोटा आहे म्हणून यंदा घसारा नको, पुढच्या वर्षी घेऊ असंही होत नाही, घेतला नाही तरी घेतला असंच धरून शिल्लक कमी करतात. त्यामुळे प्रोप्रायटर किंवा भागीदारी असेल, मशीनं चार-पाच असतील आणि वही फक्त बँक आणि रिटर्नसाठी लिहीत असाल तर डोकं न लावता वहीतही १५% घटती शिल्लकच ठेवा, दोन हिशोब जुळवायचा ताप वाचतो. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कंपनी कायद्याच्या शेड्युल २ मधलं आयुष्य बघावं लागतं, साधारण मशिनरीला १५ वर्षं आणि भंगार ५% पर्यंत, पद्धत दोन्हीपैकी कुठलीही चालते, पण टॅक्सचा हिशोब वेगळा काढावाच लागतो.

पण टॉवेलचा रेट तुम्ही स्वतः काढत असाल तर माझं मत सरळ रेषेकडे आहे. वर्षाला ३०० दिवस लूम चालतो धरलं तर सरळ रेषेत रोजचा घसारा १९० रुपये. घटत्या शिल्लकेत पहिल्या वर्षी रोजचे ३०० आणि पाचव्या वर्षी १५७, म्हणजे तोच लूम, तोच टॉवेल, डझनाचा खर्च आपोआप उतरलेला दिसतो आणि माणूस पार्टीला रेट तोडून देऊन बसतो, आणि नवीन लूम घ्यायची वेळ आली की कळतं. यावर कुणी म्हणेल जुन्या मशीनला मेंटेनन्स जास्त लागतो, मग घसारा कमी आणि रिपेअरी जास्त, दोन्ही मिळून सपाट. मुद्दा चुकीचा नाही. पण तुमची रिपेअरी खरंच तशी वाढते का ते वहीत बघून ठरवा, नुसतं मानून नको.

भागीदार बाहेर पडताना पण फरक दिसतो. पाचव्या वर्षी हिशोब झाला तर एकाच लूमवर ४८,७७७ चा फरक आहे, सरळ रेषेत निघणाऱ्याला जास्त, घटत्यात राहणाऱ्याला फायदा. भागीदारी पत्रात पद्धत लिहिलेली नसेल तर भांडण ठरलेलंच. वहीतल्या किमतीवर न जाता बाजारभावावर हिशोब करायचं आधीच लिहून घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

विकताना एक गोष्ट कायम चुकते. समजा पाच वर्षांनी लूम २,००,००० ला गेला. वहीत सरळ रेषेने १,१५,००० तोटा, घटत्याने ६६,२२३ तोटा दिसेल. टॅक्समध्ये मात्र १५% वाल्या सगळ्या मशीनांचा एकच ब्लॉक असतो, त्यातून विक्रीचे २,००,००० वजा होतात आणि बाकी मशीनं ब्लॉकमध्ये आहेत तोवर या एका लूमचा वेगळा नफा-तोटा निघतच नाही. म्हणून मशीनवार शीटची बेरीज विक्रीनंतर रिटर्नच्या आकड्याशी जुळत नाही, ती चूक नव्हे, त्यासाठी ब्लॉकची एक वेगळी शीट करा, सुरुवातीची शिल्लक, अधिक खरेदी, वजा विक्री, वजा घसारा, बास.

त्या मालकांच्या फाइलमध्ये शेवटी मी दोन्ही कॉलम ठेवले, "टॅक्स १५%" आणि "रेटसाठी सरळ", हेडिंगचे रंगही वेगळे दिले. तरी पोराने पहिल्याच महिन्यात टॅक्सवाल्या कॉलममध्ये SLN चिकटवला होता. दोन वर्षांचे आकडे सारखेच दिसले, भागाकार १ आला, तेव्हा सापडला.